हळदीला धूळ म्हणत नाहीत

सांगलीत माणसाला काही म्हणजे काही लपवता येत नाही. किडनी बदलून आलो तेव्हा मार्केट यार्डातल्या झाडून सगळ्यांनी दुकानाची पायरी चढून एकच प्रश्न विचारला, "कुणाची बसवली?" जणू विहिरीवर पंप बसवलाय! मी म्हणायचो, "आहे नात्यातलीच." मग पुढचा प्रश्न यायच्या आत चहा सांगायचो आणि हळदीच्या भावावर घसरायचो. बहिणीची आहे, हे तोंडातून निघायचंच नाही. लाज वाटायची. त्याला दुसरा शब्द नाही. बहिणीला भावानं द्यायचं असतं, साडी-चोळी द्यायची, चार दिवस माहेरपण द्यायचं. मी उलट तिच्याकडून घेऊन बसलो होतो, आणि तेही तिच्या कुशीला हातभर चीर पाडून.

अक्का माझ्याहून मोठी. उंब्रजजवळ शेतकऱ्याच्या घरात दिलेली. लग्नाआधी सांगलीच्या गल्लीत आमच्यासारखंच बोलायची, पण तिकडे गेली आणि वर्षभरात हाय-न्हाई करायला लागली. मी चिडवायचो, तर म्हणायची, "म्हशी माझी भाषा समजतात, तू न्हाई समजलास तरी चालंल." अशी ती. माझ्या किडन्या रक्तदाबानं खाल्ल्या. तो कधी मोजून घ्यायची बुद्धी मला झाली नव्हती. मिरजेला डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्या नात्यातलं कुणी देणारं बघा. आईला साखर होती. बायकोचा रक्तगट जुळेना. अक्काचं सगळं जुळलं. दाजी, म्हणजे तिचा नवरा, त्यांनी एवढंच विचारलं, "हिला पुढं रानात कामाला तरास न्हाई न्हवं व्हणार?" डॉक्टर नाही म्हणाले. दाजींनी मान हलवली, आणि पुण्याला दोन खाटा शेजारी शेजारी पडल्या.

नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. उजवीकडे ओटीपोटात, कातडीच्या जरा खालीच ठेवतात. अंघोळीच्या वेळी हाताला लागायची. मी तिथे साबण फिरवायचोसुद्धा सांभाळून.

नंतर गोळ्या. डॉक्टरांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं, आणि मला ते कळलंही होतं. शरीराला ही किडनी परकी वाटते, ते तिला हाकलायला बघणार. म्हणून शरीराचे राखणदार गोळ्या देऊन अर्धवट झोपवून ठेवायचे. राखणदार झोपले की किडनी सुखात, पण मग कुठलाही भुरटा चोर आत शिरतो. निरोगी माणूस रोज हवेतून जी बुरशी आत ओढतो नि जिरवतो, तीसुद्धा. "तेव्हा धुळीत जायचं नाही," ते म्हणाले. "धान्याची कोठारं, पाडकाम, कबुतरं, शेणखत, सगळं बंद. जायचंच झालं तर तोंडाला पट्टी."

मी इतका आज्ञाधारक आयुष्यात कधी झालो नव्हतो. पिठाच्या गिरणीसमोरून जायचं सोडलं. शेजारच्यांनी जुनं घर पाडायला काढलं, तर मी बाडबिस्तरा घेऊन अक्काकडे उंब्रजला जाऊन राहिलो, आणि तिथे दाजींनी गोठ्याच्या बाजूची खिडकी खिळे ठोकून बंद केली. देवळात गर्दी असली तर बाहेरूनच हात जोडायचो. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा नवी नवरी बरी, ती तरी उंबरा ओलांडते."

आणि एवढं सगळं पाळून मी रोज हळदीच्या दुकानात बसत होतो. हसू येतंय ना? पण त्या वेळी कुणालाच ते दिसलं नाही. मला नाही, बायकोला नाही, अक्काला नाही. आमच्या घरात तीन पिढ्या हळद. हवेत हळद, पंच्याच्या काठाला हळद, नखांत हळद, नोटांनासुद्धा हळद. तिला आम्ही धूळ म्हणतच नाही. कापलं की हळद लावायची, खोकला आला की दुधातून हळद प्यायची, नवरा-नवरीला हळद, देवाला हळद. जी जखमेत भरायची ती माणसाला बाधेल, असं सांगलीत कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. डॉक्टर धूळ म्हणाले की आमच्या डोळ्यांसमोर सिमेंट यायचं.

दुसऱ्या वर्षी शरीरानं किडनीवर डोळे वटारले. तपासणीत रक्तातला आकडा चढला. मिरजेला दाखल करून शिरेतून जोरदार स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, गोळ्याही वाढवल्या. किडनी वाचली. माझा चेहरा मात्र पुरणपोळीसारखा गोल फुगला आणि साखर चढली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता काही आठवडे फार जपा. राखणदार आता अर्धवट नाहीत, गाढ झोपलेत." मी मान डोलावली. अक्कानं फोनवर विचारलं, "माझी किडनी बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "तुझी बरी आहे, मीच जरा फुगलोय." ती खो खो हसली. तिच्या त्या 'माझी'नं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती थट्टेत म्हणायची, मला ते हिशेबातलं वाटायचं.

त्याच दिवसांत आमचं पेव उघडायचं ठरलं.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. नदीकाठच्या हरिपूरला माती अशी घट्ट की भिंत न बांधता खड्डा उभा राहतो. तळाला, कडेला उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, वरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हळद वर्षानुवर्षं राहते, रंग उलट चढतो म्हणतात. भाव चढला की उघडायचं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आत कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर हमाल उतरणार. विझला तर थांबायचं. खाली जाणाऱ्यासाठी एवढी काळजी. पण खालून वर येणारी हवा काठावर उभा असलेला माणूस घेतो, याचा विचार कुणी कशाला करील?

आमच्या दुकानाची रीत अशी की वर आलेली पहिली पाटी, म्हणजे टोपली, मालकानं बघायची. वरचा थर कडेच्या पाल्याला लागून असतो, तिथे थोडी ओल धरते. ती पाटी बहुतेक खराबच निघते. ती हातानं उलटीपालटी करायची, वास घ्यायचा, एखादं हळकुंड दातांनी फोडायचं. किती खोलवर खराबी गेलीय ते त्या वासावरून कळतं. ते वडिलांनी मला शिकवलेलं. नाकाला पट्टी बांधून वास कसा घेणार? पट्टी होती खिशात. तोंडाला बांधून गेलो होतो तेव्हा बाजूच्या पेवाचे मालक ओरडले होते, "काय शेट, दरोडा टाकायला निघाला काय?" सगळे हसले. मीही हसलो नि पट्टी खिशात कोंबली.

पहिली पाटी वर आली. पाल्यावर, हळकुंडांवर हिरवट-पिवळी भुकटी बसली होती. हात घातला तर धुरासारखी उडाली. मी नाक खाली घातलं. कुबट वास. म्हटलं, "चार बोटं गेलीय, खाली माल चांगला आहे." अंदाज अगदी बरोबर निघाला. आमचे तिघे हमाल दिवसभर त्या पेवात उतरून वर येत होते, त्यांना शिंकसुद्धा आली नाही.

काही दिवसांनी मला बारीक ताप यायला लागला. मग कोरडा खोकला. बायकोनं हळद-दूध दिलं, आणि खरं सांगतो, आपलीच हळद म्हणून मी ते अभिमानानं प्यालो. मग श्वास ओढला की उजव्या छातीत सुई टोचल्यासारखं दुखायचं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, टीबी असेल, आपल्याकडे पहिला तोच संशय. पण औषध सुरू करायच्या आत मिरजेला विचारा, तुमच्या गोळ्यांशी त्याचं भांडण आहे. देव त्यांचं भलं करो. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं.

मिरजेला छातीचा फोटो काढला. उजव्या फुफ्फुसात लिंबाएवढा डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडेनात. मग घशातून दुर्बीण घालून फुफ्फुसात पाणी सोडलं आणि ते परत ओढून तपासायला पाठवलं. तो प्रकार शत्रूवरही येऊ नये.

निकाल घेऊन मिरजेचे माझे डॉक्टर आणि प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई दोघेही माझ्या खाटेपाशी आले. दोन दोन डॉक्टर एकदम आले की माणसानं ओळखावं. बाई म्हणाल्या, "बुरशी आहे."

"बुरशी? म्हणजे लोणच्यावर येते ती?"

"तिच्याच गोतावळ्यातली." त्यांनी कागदावर पेनानं धागे काढून दाखवले. बारीक धागा, मध्ये मध्ये आडवे पडदे आणि पुढे गलोलीच्या बेचक्यासारखे दोन फाटे. "ह्याला अस्परजिलस म्हणतात. तुमची साखर चढलेली म्हणून मी आधी दुसरीच बुरशी शोधत होते. ती रुंद असते, चुरगाळलेल्या फितीसारखी, पडदे जवळजवळ नसतात. ती साखरेच्या पेशंटला नाकातून धरते, डोळ्यात, मेंदूत चढते, टाळू काळी पडते. म्हणून काल तुमचं तोंड उघडून बॅटरी मारून बघितलं. ती नाही, ही आहे. ही रक्तवाहिन्यांत घुसते, म्हणून रक्त पडलं."

डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. कुठे पाडकाम? नाही. कबुतरं? नाही. धान्याचं कोठार? नाही हो. कुजलेलं गवत, खत? अजिबात नाही. मी अगदी तोऱ्यात उत्तरं देत होतो, परीक्षेत सगळं येत असल्यासारखा. ते बुचकळ्यात पडले. सगळ्या कागदांवर माझा धंदा 'व्यापार' एवढाच लिहिला होता, मीच तसं सांगितलं होतं. बाईंनी सहज विचारलं, "व्यापार कसला करता?"

"हळदीचा."

बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. "साठवता कुठे?"

"पेवात," मी म्हणालो, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडता मला समजलं. हिरवट-पिवळी भुकटी. कुबट वास. खिशातली पट्टी. मी चादर गळ्यापर्यंत ओढली, जणू मला कुणी उघडंच पाडलं होतं. डॉक्टर मात्र भले. म्हणाले, "तिथलीच असेल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ती सगळीकडे असते. पण त्या दाट भुकटीत श्वास घेतलात, आणि तोही नेमका स्टिरॉइडच्या दिवसांत." मी विचारलं, आमच्या हमालांना का नाही झालं? ते म्हणाले, "त्यांचे राखणदार जागे आहेत."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. बुरशीवर एक औषध आहे, अँफोटेरिसिन. ते द्यावंच लागेल. पण ते किडनीला मारक. शिवाय नुसत्या औषधानं भागायचं नाही, राखणदारांना उठवायला पाहिजे. म्हणजे किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या, एक पूर्ण बंद, दुसरी जवळजवळ बंद. "म्हणजे किडनी?" मी विचारलं. ते म्हणाले, "टिकेल असं वचन देत नाही. बहुधा नाही टिकणार. पण हे केलं नाही तर तुम्ही नाही टिकणार."

"गोळ्या बंद करायच्या नाहीत," मी म्हणालो.

बायको रडायला लागली. डॉक्टर समजावत राहिले. मी ऐकेना. औषध द्या, गोळ्या चालू ठेवा, जे व्हायचं ते होऊ दे, एवढंच धरून बसलो. लोकांना वाटलं हा फार शूर. शूर कसला डोंबल! माझी जगायची इच्छा ढीगभर होती. पण अक्कासमोर उभं राहून 'तुझी किडनी मी घालवली' म्हणायचं, त्यापेक्षा मरण सोपं वाटत होतं. मेलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. भित्रेपणालाच मी हट्टाचं नाव दिलं होतं. डॉक्टर शेवटी वैतागून म्हणाले, "उद्यापर्यंत विचार करा. त्यापुढे ही बुरशी तुमच्यासाठी थांबणार नाही."

बायकोनं उंब्रजला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं दोघं आली. अक्का आधी डॉक्टरांना भेटायला गेली आणि दाजी माझ्यापाशी येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतलेली. साधा, अबोल माणूस, मला कधी वाकडा शब्द बोललेला नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आमच्या घरची वस्तू तुमी हळदीत घातली, पावणं."

बस्स, एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. त्यांनी चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझी छाती दुखत होती, पण त्या वेळी छातीचं काही वाटलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला त्या दिवशी अक्षरशः वाटलं.

अक्का आली ती तणतणतच, डॉक्टरांना सोबत घेऊन. "काय रं, गोळ्या बंद करू देत न्हाईस म्हणं?"

मी भिंतीवरच्या डागाकडेच बघत होतो.

"बोल की. माझ्याकडं बघ आधी."

"अक्का, तुझी किडनी जाईल."

"कुणाची जाईल?"

"तुझी."

"माझी हाय न्हवं? तूच म्हणतोस न्हवं? मग मालकीण सांगतीय ते ऐक. जाऊ दे तिला." ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टरसायेब, बंद करा त्या गोळ्या. ह्याचं काय ऐकू नगा. ल्हानपणापास्नं ह्येला नाक दाबून औषध पाजावं लागतं."

डॉक्टर म्हणाले, "सही पेशंटची लागेल."

"देतोय त्यो. न देऊन सांगतोय कुणाला?"

मी सही केली. सही झाल्यावर दाजी पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मगाशी बोलून गेलो. मनावर घिऊ नगा." मला त्याची जास्तच लाज वाटली. खरं तेच बोललेल्या माणसानं माझी माफी मागावी?

मग ते औषध सुरू झालं. पिवळसर रंगाचं. रंगसुद्धा आमच्याच दुकानातला, मी मनात म्हटलं. सलाइनच्या बाटलीला काळा कागद गुंडाळायचे आणि थेंब थेंब कित्येक तास सोडायचे. अर्ध्या-पाऊण तासात थंडी भरायची. थंडी म्हणजे कसली, लोखंडी खाट खडखड वाजायची. बायको वरून अंगावर पडून धरायची. आधी सुई देऊन थंडी कमी करायचा प्रयत्न करायचे, पण पहिले काही दिवस काही केल्या भागलं नाही. शेजारच्या खाटेवरचे फलटणचे गृहस्थ म्हणायचे, "तुमचं यंत्र सुरू झालं वाटतं." रक्तातलं पोटॅशियम पडायचं, पाय लुळे व्हायचे, मग त्याचंही औषध. रोज रक्त काढायचे आणि रोज किडनीचा आकडा वर.

अक्का राहिली. दाजी म्हशींसाठी परत गेले, ती राहिली. दिवसभर स्टुलावर बसायची. माझी लघवी मापाच्या भांड्यात घ्यायचे. रोज थोडी कमी. भांडं नर्सबाई उचलून नेत असताना मी अक्काशी काहीतरी विषय काढायचो, तिची नजर तिकडे जाऊ नये म्हणून. म्हशीचं काय, पाऊस किती, भाचीचं स्थळ आलं होतं त्याचं काय झालं. ती सगळ्याची उत्तरं द्यायची. मला वाटायचं तिला कळत नाही.

छातीतला डाग आक्रसायला लागला. ताप गेला, रक्त पडायचं थांबलं. बाईंनी मला एक काचेची बशी आणून दाखवली, झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं. आत माझ्या फुफ्फुसातली बुरशी वाढवली होती. हिरवट-पिवळी, मखमलीसारखी. दिसायला इतकी सुंदर की राग येईना. औषध आता तोंडावाटेच्या गोळ्यांवर आणलं, त्या बरेच महिने घ्यायच्या होत्या. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाचलात बरं का." आणि मग जरा थांबून, "पण परवापासून डायलिसिस सुरू करावं लागेल."

म्हणजे गेली. अक्काची किडनी गेली.

डॉक्टर गेल्यावर मी चादर डोक्यावरून घेतली. रडू येत होतं आणि ते अक्कासमोर यायला नको होतं. तिनं चादर ओढली नाही. बाहेरूनच माझ्या पोटावर हात ठेवला, उजवीकडे, खाली, नेमका तिथेच.

"काढनार काय रं हिला आता?"

"नाही म्हणतात. त्रास दिला नाही तर असू दे म्हणतात."

"मग असू दे. उगं परत फाडायचं कशाला."

मी चादरीतूनच म्हणालो, "अक्का, मला माफ कर. तू एवढं दिलंस आणि मी ते मातीत घातलं." हे म्हणायला मला इतके दिवस लागले होते, आणि म्हटलं तेव्हासुद्धा तोंड झाकलेलं होतं.

"येडा का खुळा तू," ती म्हणाली. "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"जाती कधी कधी ते. पुण्याला आपरेशनच्या आधी त्या डॉक्टरनी मला येकटीला आत बसवलं हुतं. तुझ्या दाजींनासुदीक भाईर घालवलं. म्हणलं, ताई, ही किडनी त्याला लागंल ह्याची खातरी न्हाई. लागली तरी किती टिकंल सांगता येत न्हाई. वाया गेली तर तुमाला चालंल का? मगच हो म्हणा, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हणा, आमी त्याला सांगतू जुळंना म्हणून. कुणाला कळनार न्हाई."

मी चादर खाली घेतली. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

"मग?"

"मग काय? लय येळ बसले. घाम फुटला मला. पोरीचं लगीन व्हायचं हाय, रान हाय, मला काय झालं तर? न्हाईच म्हणावं असं आलं हुतं वठावर." ती पदरानं माझं तोंड पुसायला लागली, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरात. "तुला काय इचारलं हुतं त्यांनी?"

"घेणार का म्हणून."

"काय म्हणलास?"

मला तिच्याकडे बघवेना. "हो म्हणालो."

"लगीच?"

"लगेच. त्यांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही."

अक्का हसली. "व्हय, तू शेजारच्याच खोलीत हुतास, मधलं दार किलकिलं हुतं. तुझं 'हो, हो' मला आत ऐकू आलं," ती म्हणाली. "म्हणून तर मी बी हो म्हणले."